मीटर म्हणतो २३०

टेबलावर पाच एलईडी बल्ब होल्डरना लावलेले होते. सगळे ९ वॅटचे, पण वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या कंपन्यांचे घेतलेले. शेजारी १२ व्होल्टची बॅटरी, झाकण काढलेला छोटा इन्व्हर्टर आणि त्याच्या आउटपुटला लावलेला पिवळा मल्टीमीटर. मीटर २३० दाखवत होता. पाचपैकी तीन बल्ब नेहमीसारखे लख्ख पेटले होते, चौथा मलूल होता आणि पाचवा बंद. मामांनी पाचवा बल्ब काढून भिंतीवरच्या पॉइंटला लावला. तिथं तो झकास पेटला. मीटरची टोकं त्या पॉइंटला लावली तर तिथंही २३०.

"आता सांगा ओ, खोटं कोण बोलतंय? बल्ब, इन्व्हर्टर का मीटर?"

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागलं की उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि लेथची शेडं मागं पडता पडता पिरनवाडी येते. पुढं मच्छे आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ. म्हणजे दोन्ही बाजूंना इंजिनिअरिंग आहे, एकीकडे हाताचं आणि दुसरीकडे पुस्तकाचं. मधल्या वस्तीत टीव्ही, मिक्सर, स्टॅबिलायझर दुरुस्त करणारे लोक बसतात. मामा त्यांतलेच. वीज हेस्कॉमची. सह्याद्रीकडून पाऊस लागला, झाडाची फांदी तारेवर आली, की लाइट जाते आणि कधी पाच मिनिटांनी, कधी रात्र सरल्यावर येते. तेवढ्या वेळेपुरते चार-पाच दिवे लागावेत म्हणून लोक बाजारातला मोठा इन्व्हर्टर न घेता छोटा बांधून घेतात, नाहीतर पोरं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी बांधतात आणि बिघडला की इथं आणतात. टेबलावरचा हा इन्व्हर्टर असाच आलेला होता. त्यात काहीही जळलेलं नव्हतं. तक्रार एवढीच, की "काही बल्ब चालतात, काही चालत नाहीत."

या एका तक्रारीत छोट्या इन्व्हर्टरचं जवळजवळ सगळं शास्त्र येतं, म्हणून तिच्याच मागं जाऊ.

आधी आतली मांडणी बघू. बॅटरी एकाच दिशेनं करंट देते आणि ट्रान्सफॉर्मरला तर आलटून पालटून दिशा बदलणारा करंट लागतो. म्हणून मध्ये तीन तारांचं वाइंडिंग असलेला ट्रान्सफॉर्मर घेतात. बाजारात तो १२-०-१२ म्हणून मिळतो. एरवी तो २३० व्होल्टचे १२ करायला वापरतात, इथं उलटा जोडायचा. मधली तार बॅटरीच्या प्लसला आणि कडेच्या दोन तारा दोन मॉस्फेटमधून मायनसला. एक मॉस्फेट चालू झाला की करंट वाइंडिंगच्या एका अर्ध्यातून धावतो, तो बंद होऊन दुसरा चालू झाला की दुसऱ्या अर्ध्यातून, उलट दिशेनं. हे सेकंदाला पन्नास वेळा घडवलं की पलीकडच्या वाइंडिंगवर पन्नास हर्ट्झचा उच्च दाब उभा राहतो. बाकी सगळं या दोन स्विचांना कधी चालू आणि कधी बंद व्हायचं हे सांगण्याचं काम.

ते काम या इन्व्हर्टरमध्ये सीडी ४०४७ ही चौदा पायांची आयसी करत होती. हौशी लोकांत ही फार चालते, आणि तिच्या लोकप्रियतेला कारण आहे. तिच्या आत एक ऑसिलेटर आहे आणि त्यापुढं त्याच्या वेगाचे दोन भाग करणारा फ्लिप-फ्लॉप. दहाव्या आणि अकराव्या पायांवर जे दोन सिग्नल मिळतात ते एकमेकांच्या बरोबर उलट असतात आणि दोघांची लांबी अगदी सारखी असते. त्यांचा आवर्तकाळ T = 4.4 × R × C या सूत्रानं ठरतो. आपल्याला २० मिलिसेकंद हवेत. कपॅसिटर ०.२२ मायक्रोफॅराडचा धरला तर रोध २०.७ किलोओहमच्या आसपास येतो. म्हणून १८ किलोओहमचा कायमचा रोध आणि त्याच्या पाठोपाठ ५ किलोओहमचा प्रिसेट घालून पन्नासवर आणतात. कपॅसिटर पॉलिस्टरचा हवा. इथं तो दोन्ही दिशांनी भरतो, त्यामुळं इलेक्ट्रोलायटिक चालत नाही.

दोन्ही सिग्नलांची लांबी सारखी असण्यावर मी जोर देतोय, कारण बरेच जण ५५५ची आयसी घेऊन थेट मॉस्फेट हलवायला जातात. तिची चालू-बंदची वेळ सारखी नसते. समजा एका बाजूला १०.५ मिलिसेकंद आणि दुसऱ्या बाजूला ९.५ मिळाले. वाइंडिंगवर सरासरी ०.६ व्होल्ट एकाच दिशेचे उरतात. तेवढ्यानं काय होणार, असं वाटतं. पण वाइंडिंगचा रोध ओहमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच असतो, त्यामुळं एका बाजूनं काही अँपिअर जादा करंट वाहत राहतो, गाभा एकाच दिशेनं चुंबकत जातो आणि एक मॉस्फेट दुसऱ्यापेक्षा तापतो. दोन्ही हीटसिंकना बोट लावून बघितलं आणि एक गरम, एक गार लागला, तर पहिला संशय इथंच घ्यावा.

मॉस्फेट होते आयआरएफझेड ४४एन. ५५ व्होल्ट सहन करणारे, पूर्ण चालू असताना १७.५ मिलिओहमच्या आसपास रोध असलेले. १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला ५५ व्होल्टचा मॉस्फेट कशासाठी, तर एक अर्धं वाइंडिंग चालू असताना दुसऱ्या अर्ध्यावरही तितकाच दाब उलट उभा राहतो. म्हणजे बंद असलेल्या मॉस्फेटला बॅटरीच्या दुप्पट दाब दिसतो, चार्ज होत असलेल्या बॅटरीवर २८च्या पुढं, आणि स्विच बंद होतानाचे क्षणिक उंच झटके वेगळेच. ३० व्होल्टचा मॉस्फेट लावणारा माणूस आठवड्याभरात परत येतो.

पाचही बल्ब पेटले तर त्यांचे ४५ वॅट आणि ट्रान्सफॉर्मरचे नुकसान धरून बॅटरीतून सुमारे ४.७ अँपिअर निघतात. या करंटला एका मॉस्फेटमध्ये पाव वॅटच्या आसपास उष्णता होते. हाताला कळतही नाही. पूर्वीच्या इन्व्हर्टरमध्ये २एन ३०५५ हे गोल टोपीचे ट्रान्झिस्टर असायचे. इतक्या करंटला त्यांच्यावर एक व्होल्ट सहज पडायचा, म्हणजे पाचएक वॅट तिथं आणि त्यांच्या बेसला लागणारा अर्धा अँपिअर करंट पुरवताना तितकेच आणखी. म्हणून जुन्या पेटीच्या पाठीला पंखांचं भलंमोठं ॲल्युमिनियम असे. आज त्याच कामाला काडेपेटीएवढा तुकडा पुरतो. मामांकडं अजून दोन-चार ३०५५ डब्यात आहेत. विकत नाहीत, म्हणतात राहू दे.

सीडी ४०४७च्या पायातून दोन-चार मिलिअँपिअरच करंट मिळतो. मॉस्फेटचं गेट भरायला त्यामुळं वीसएक मायक्रोसेकंद लागतात. हजारो हर्ट्झवर चालणाऱ्या सर्किटात एवढी सुस्ती मॉस्फेटला जाळेल. इथं मात्र प्रत्येक पाळी दहा हजार मायक्रोसेकंदांची आहे, त्यात वीस गेले तर काही बिघडत नाही. वेगळा ड्रायव्हर न लावता हे सर्किट चालतं ते या संथपणामुळं.

म्हणजे स्विचिंगमध्ये दोष नव्हता. दोन्ही मॉस्फेट गार, फ्रीक्वेन्सी पन्नास, मीटरवर २३०. मग पाचवा बल्ब का पेटेना?

हेस्कॉमची वीज साइन वेव्हची असते. दाब हळूहळू चढतो, ३२५ व्होल्टच्या शिखराला जातो, उतरतो, उलट दिशेनं तितकाच जातो. २३० हा त्याचा परिणामकारक आकडा, म्हणजे फिलामेंटच्या बल्बला जेवढी उष्णता मिळते त्यावरून काढलेला. आपल्या इन्व्हर्टरमधून निघते ती चौकोनी लाट. मॉस्फेट चालू झाला की दाब क्षणात वर जातो, दहा मिलिसेकंद सपाट राहतो आणि क्षणात खाली. तिचं शिखर आणि तिचा परिणामकारक आकडा एकच. २३०ची चौकोनी लाट २३०च्या वर कधी जातच नाही.

पाचवा बल्ब मामांनी उघडून दाखवला. आत वेगळा ड्रायव्हरच नव्हता. एका गोल ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एलईडींची लांब माळ, चार डायोडांचा ब्रिज आणि करंट आवरणारी छोटी आयसी. सगळं एकाच पत्र्यावर. स्वस्त बल्ब आता पुष्कळ असेच येतात. त्या माळेला पेटायलाच अडीचशे व्होल्टच्या आसपास लागतात. साइन वेव्हमध्ये दाब प्रत्येक पाळीत ३२५पर्यंत जातो, त्या वेळी माळ पेटते. चौकोनी लाटेत दाब तिथवर पोचतच नाही. जे तीन बल्ब लख्ख होते त्यांच्या आत कॉइल असलेले खरे ड्रायव्हर होते, ते शंभर व्होल्टपासून अडीचशेपर्यंत काहीही मिळालं तरी ठरलेला करंट देतात. त्यांना लाटेचा आकार कळतही नाही.

आणि मीटर? तोही खरं बोलत नव्हता. साधा मल्टीमीटर परिणामकारक दाब मोजतच नाही. तो लाट सरळ करून तिची सरासरी काढतो आणि त्या सरासरीला १.११ने गुणून आकडा दाखवतो, कारण साइन वेव्हसाठी ते गणित बरोबर येतं. चौकोनी लाटेची सरासरी आणि परिणामकारक दाब सारखेच, पण मीटर त्यालाही १.११ने गुणतो. म्हणजे तो २३० म्हणत होता तेव्हा बाहेर खरे २०७ होते. अडीचशेची माळ २०७वर पेटण्याचा प्रश्नच नव्हता.

२०७ कसे झाले तेही सरळ आहे. बॅटरी करंट देताना १२.२ व्होल्टवर होती. तारा, मॉस्फेट, वाइंडिंग यांत अर्धा व्होल्ट गेला, ११.७ उरले. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर बनवताना लोडवर १२ मिळावेत म्हणून कारखान्यात थोडे जास्त वेढे घालतात, बिनलोडचे ते १३च्या आसपास असतात. उलटा जोडला की तेच जादा वेढे आपल्या विरुद्ध जातात. ११.७ गुणिले २३० भागिले १३, उत्तर २०७.

मामांच्या टेबलावर स्कोप नाही. पण शिखर मोजायची त्यांची एक युक्ती आहे आणि ती माझ्या मते स्कोपच्या खालोखाल उपयोगी आहे. चार १एन ४००७ डायोडांचा ब्रिज, त्याच्या आउटपुटला ४५० व्होल्टचा एक मायक्रोफॅराडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर एक मेगाओहमचा रोध, सगळं प्लॅस्टिकच्या डबीत बंद. डबी इन्व्हर्टरला लावायची आणि तिच्यापुढं मीटर डीसीवर ठेवायचा. कपॅसिटर शिखरापर्यंत भरून राहतो, म्हणून मीटर जे दाखवतो ते शिखर. भिंतीच्या पॉइंटवर ती ३२०च्या पुढं दाखवते, या इन्व्हर्टरवर तिनं २०५ दाखवले. रोध विसरू नये, नाहीतर डबी काढल्यावरही आतला कपॅसिटर भरलेला राहतो आणि हाताला झटका देतो. परिणामकारक दाबासाठी त्यांच्याकडं फिलामेंटचे साठ वॅटचे दोन जुने बल्ब आहेत. एक भिंतीवर, तसाच एक इन्व्हर्टरवर, शेजारी धरून उजेड जुळवायचा. फिलामेंटला लाटेच्या आकाराशी देणंघेणं नसतं, ते फक्त उष्णता जाणतं.

या कमी शिखरावर बाजारातला उपाय सगळ्यांना माहीत आहे. १२-०-१२ काढा, ९-०-९ लावा. वेढ्यांचं प्रमाण वाढतं, ११.७ व्होल्टचे २७७ होतात, पाचवा बल्ब पेटतो. गिऱ्हाईक खूश. आणि मग ट्रान्सफॉर्मर गुरगुरायला लागतो.

ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात किती चुंबकत्व साठेल याला मर्यादा असते, आणि ते साठतं दाब गुणिले वेळ या हिशेबानं. नळाखाली ठेवलेली घागर धार जितकी जाड आणि जितका वेळ नळ चालू तितकी भरते, तसंच हे. ९ व्होल्टच्या वाइंडिंगला साइन वेव्हच्या एका अर्ध्या पाळीत जेवढं सोसायचं असतं ते सुमारे ०.०८७ व्होल्ट-सेकंद. चौकोनी लाटेत आपण त्याला १२ व्होल्ट दहा मिलिसेकंद देतो, म्हणजे ०.१२. घागर तिसऱ्या हिश्शानं जास्त भरली. गाभा भरून गेला की वाइंडिंग वाइंडिंगसारखं वागत नाही, नुसत्या तांब्याच्या तारेसारखं वागतं आणि प्रत्येक पाळीच्या शेवटी करंट उसळी घेतो. एकही बल्ब न लावता बॅटरीतून काही अँपिअर निघतात. खूण सोपी: बल्ब सगळे काढा, तरी ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, तापतो आणि बॅटरी उतरते. इन्व्हर्टरवरच्या फिलामेंट बल्बाचा उजेडही भिंतीवरच्या बल्बापेक्षा पांढरा दिसतो, कारण परिणामकारक दाबही २७७ झालेला असतो.

खरा उपाय लाटेचा आकार बदलण्यात आहे. आणि इथलं गणित मला आजही सुंदर वाटतं. चौकोनी लाट पूर्ण दहा मिलिसेकंद सपाट ठेवण्याऐवजी ती ३२५पर्यंत उंच करायची, पण पाचच मिलिसेकंद ठेवायची. उरलेले पाच मिलिसेकंद दोन्ही मॉस्फेट बंद, दाब शून्य. आता शिखर ३२५, साइन वेव्हएवढं. परिणामकारक दाब ३२५ गुणिले अर्ध्याचं वर्गमूळ, म्हणजे २३०, तोही साइन वेव्हएवढा. आणि दाब गुणिले वेळ साइन वेव्हपेक्षाही कमी, म्हणून ट्रान्सफॉर्मर शांत. तीन दुखणी एका विश्रांतीनं गेली. बाजारातल्या स्वस्त इन्व्हर्टरवर 'मॉडिफाइड साइन वेव्ह' असं लिहिलेलं असतं ते हेच. नाव जरा मोठेपणाचं आहे. साइनशी तिचं नातं या दोन आकड्यांपुरतंच, तिच्यातले वरच्या फ्रीक्वेन्सीचे कंप जवळपास चौकोनी लाटेइतकेच राहतात आणि पंखा तिच्यावर घुमतोच. पण आपल्याला दिवे लावायचे आहेत.

सीडी ४०४७ला विश्रांती घेता येत नाही. तिचा एक पाय वर असतो नाहीतर दुसरा. म्हणून मामांनी नवीन बोर्डवर एसजी ३५२५ लावली. ही पॉवर सप्लायसाठी बनवलेली आयसी, दोन पायांवर आळीपाळीनं सिग्नल देते आणि प्रत्येक सिग्नलची लांबी एका दाबानं कमी-जास्त करता येते. तिचा ऑसिलेटर शंभर हर्ट्झवर ठेवायचा म्हणजे प्रत्येक पायावर पन्नास मिळतात. ट्रान्सफॉर्मर तोच ९-०-९.

लांबी बदलण्याची ही सोय फक्त एकदा जुळवण्यापुरती नाही. बॅटरी चार्जरवर असते तेव्हा शिखर ३२०पर्यंत जातं, तिथं पाच मिलिसेकंद पुरेत. बॅटरी १२.२वर आली की शिखर २७७, आता सात लागतात. १०.८पर्यंत उतरली की शिखर २४५च्या खाली येतं आणि लाट जवळजवळ नऊ मिलिसेकंद ताणावी लागते. आउटपुटचा छोटा नमुना आयसीच्या एरर अँप्लिफायरला दिला की ती हे स्वतःच करते. नमुना घेताना त्यापुढं मोठा कपॅसिटर घालू नये. तो शिखरच धरून ठेवतो, आणि लाटेची लांबी बदलली तरी शिखर बदलत नाही, त्यामुळं आयसीला काही कळत नाही. नमुना सरासरीचा हवा. सरासरी स्थिर ठेवली म्हणजे परिणामकारक दाब अगदी स्थिर राहतो असं नाही, पण दहा टक्क्यांच्या आत राहतो, आणि दिव्यांना तेवढं पुरतं.

जुळवून झाल्यावर मामांनी पिवळा मीटर परत लावला. या वेळी तो २१२ दाखवत होता, फिलामेंटचे दोन्ही बल्ब मात्र सारखेच तेवत होते. विश्रांती घेतलेल्या लाटेची सरासरी तिच्या परिणामकारक दाबापेक्षा कमी असते, म्हणून तोच मीटर आता कमी बोलतो. पाच मिलिसेकंदांच्या लाटेवर तर तो १८०च्या आसपास दाखवतो. इथं लोक प्रिसेट फिरवून मीटरवर २३० आणायला जातात आणि बल्ब उडवतात. 'ट्रू आरएमएस' असं लिहिलेला मीटर असेल तर गोष्ट वेगळी.

चौथ्या, मलूल बल्बाचं एक सांगायचं राहिलं. त्याच्या आत करंट आवरायला नुसता कपॅसिटर होता. असा बल्ब चौकोनी किंवा पायरीच्या लाटेवर लावूच नये. दाब क्षणात उडी घेतो त्या क्षणी कपॅसिटरमधून मोठा झटका जातो, सेकंदाला शंभर वेळा, आणि त्याच्या पाठोपाठचा छोटा रोध काळा पडतो. साधा झीरोचा रंगीत बल्ब, स्वस्त आकाशकंदिलातली माळ, डासांच्या बॅटचा चार्जर, या सगळ्यांत हाच कपॅसिटर असतो. त्यांना लाइट येईपर्यंत थांबू द्यावं.

आता संरक्षण. त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट मला मामांनी सांगितली, आणि तीही सीडी ४०४७बद्दल. तिच्या नवव्या पायाला रीसेट म्हणतात. ओव्हरलोड झाला की त्या पायाला प्लस द्यायचा आणि इन्व्हर्टर थांबवायचा, हे कुणालाही सुचेल. पण रीसेट झाल्यावर दहावा पाय खाली जातो आणि अकरावा वर राहतो. म्हणजे इन्व्हर्टर थांबतो, पण एक मॉस्फेट कायमचा चालू. बॅटरी सरळ वाइंडिंगवर, गाभा क्षणात भरलेला, करंट वाटेल तेवढा. वाचवायला लावलेली वायरच मॉस्फेट जाळते. ऑसिलेटर दुसऱ्या कुठल्या पायानं थांबवला तरी तेच, दोघांपैकी एक पाय वर असतोच. या आयसीवर थांबायचं असेल तर दोन्ही गेट वेगळ्या ट्रान्झिस्टरनं मायनसला ओढले पाहिजेत. आणि प्रत्येक गेटवरून मायनसला दहा किलोओहमचा रोध हवाच, म्हणजे आयसीचा सप्लाय गेला तरी गेट अधांतरी राहत नाही. एसजी ३५२५मध्ये दहाव्या पायाला प्लस दिला की दोन्ही आउटपुट खाली जातात, ही त्या आयसीची दुसरी बरी गोष्ट.

ओव्हरलोड ओळखायला दोन्ही मॉस्फेटच्या मायनसकडच्या सामाईक तारेत दहा मिलिओहमचा रोध घालतात. पाच बल्बांना त्यावर ४७ मिलिव्होल्ट पडतात, १२ अँपिअरला १२० मिलिव्होल्ट. कंपॅरेटर १२०वर उलटतो आणि इन्व्हर्टर बंद करून बंदच ठेवतो, स्विच फिरवेपर्यंत. आपोआप परत चालू होणारा इन्व्हर्टर शॉर्टवर पुन्हा पुन्हा आपटत राहतो. एलईडी बल्ब एकदम लावताना त्यांच्या आतले रिकामे कपॅसिटर काही मिलिसेकंद जास्त करंट ओढतात, तेवढा धीर कंपॅरेटरला द्यावा लागतो.

फ्यूज असताना हे कशाला, असं विचारणारे भेटतात. आउटपुटला सरळ शॉर्ट झाला तर बॅटरीतून शंभर अँपिअरच्या घरात करंट निघू शकतो. गाडीचा दहा अँपिअरचा पात्याचा फ्यूज त्याला वितळायला सेकंदाचे काही शतांश घेतो, आणि मॉस्फेट तेवढ्यात जातो. गेलेला मॉस्फेट बहुधा आतून शॉर्ट होतो, म्हणजे बॅटरी वाइंडिंगवर कायमची. तिथून पुढं तार तापून पेटू नये यासाठी फ्यूज. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, इन्व्हर्टरच्या पेटीत नाही. पेटीत असेल तर मधल्या तारेचं कव्हर घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा काहीच उपयोग नाही. ही तार चार चौरस मिलिमीटरची घ्यावी.

अंधारात बॅटरीच्या क्लिपा उलट्या लागतात, हे होणारच. मॉस्फेटच्या आत एक डायोड जन्मजात असतो, उलटी बॅटरी त्यातून सरळ वाइंडिंगवर जाते आणि इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर फुटतात. फ्यूजच्या पुढं प्लस-मायनसमध्ये एक दणकट डायोड उलटा बसवला की उलट्या जोडणीत तोच शॉर्ट करून फ्यूज उडवतो. चार रुपयांचा फ्यूज गेला, संपलं.

बॅटरी वाचवायचं सर्किट सगळ्यांत जास्त चुकीचं लावलेलं दिसतं. शिशाची बॅटरी लोडवर असताना १०.८ व्होल्टला तोडावी. त्याखाली ती पुन्हा पुन्हा नेली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता परत येत नाही. पण लोड तुटताच तीच बॅटरी पुन्हा बाराच्या आसपास उसळते. कंपॅरेटर १०.८ला तोडून १०.९ला परत जोडणारा असेल तर दिवे लुकलुकायला लागतात, विझतात, पेटतात, विझतात. परत जोडायची पातळी १२.५ ठेवली की चार्जर लागल्याशिवाय तो जोडतच नाही. आणि दाब मोजायची तार बॅटरीच्या टर्मिनलवरूनच वेगळी आणावी. नाहीतर लोडच्या बारीक तारेवर पडणारा पाव-अर्धा व्होल्ट कंपॅरेटर बॅटरीचा समजतो आणि अर्धी भरलेली बॅटरी उतरली म्हणून तोडतो.

रात्रभर एकच छोटा दिवा हवा असेल, तर मात्र इन्व्हर्टर चालू ठेवू नये. ट्रान्सफॉर्मर नुसता जागा राहण्यासाठी अर्धा अँपिअर खातो. आठ तासांत चार अँपिअर-तास गेले, आणि दिवा अर्ध्या वॅटचा. त्यापेक्षा १२ व्होल्टचा एलईडी एका छोट्या फ्यूजमधून थेट बॅटरीला लावावा.

शेवटची गोष्ट घराच्या वायरिंगची. काही लोक दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून इन्व्हर्टर भिंतीच्या पॉइंटमध्ये खुपसतात, म्हणजे घरातले सगळे होल्डर आयते वापरता येतात. लाइट आली की हेस्कॉमचे २३० इन्व्हर्टरवर उलटे येतात आणि मॉस्फेट जातात, हा त्यातला लहान भाग. मेन स्विच बंद करायचा राहिला तर आपले २३० उलट दिशेनं खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जातात. तो दोन्ही दिशांनी चालतो, उलट्या दिशेनं कमी दाबाचा जास्त करतो. लाइन बंद आहे असं समजून फांदी काढायला चढलेल्या माणसाच्या हातात अकरा हजारांची तार असते. आपल्या पेटीची ताकद थोडी, आळीतला लोड बहुधा तिला लगेच पाडतो. बहुधा. म्हणून मामा दोन प्लगची वायर करून देत नाहीत, कुणी कितीही मागितली तरी. ते बत्तीस अँपिअरचा दोन पोलचा चेंजओव्हर स्विच लिहून देतात. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा, ज्याची दांडी एकतर हेस्कॉमकडं असते नाहीतर इन्व्हर्टरकडं, आणि मधल्या जागी दोन्ही बंद.